वावर, सरकी, गोठाण, सातबारा सगळे गळाले अन् ‘धुरा मामा’ उरलं

माझ्या मामाचं शेतीवरचं बोलणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं हे पक्कं होतं, त्याच बोलण्याचा नुसता आवाज काढून पॉडकास्ट म्हणून पण सोडायचा हेही ठरलं होतं, पण नावावर गाडं अडलं. मी राळेगाव तालुक्यात झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, त्यामुळं लोकं मोबाइलवर काय अन् कसं शोधतात हे दिवसभर डोळ्यासमोर असतं. पीक विम्याचा फॉर्म भरायला आलेला माणूस ‘विमा’ हा शब्द रोमनमध्ये vima लिहितो, त्याच्या शेजारचा wima लिहितो, अन् तिसरा लिहितच नाही, सरळ माइकचं बटन दाबून बोलतो. नाव ठरवताना मला हीच माणसं दिसत होती. पुण्या-मुंबईच्या लोकांनी नावं ठेवण्यावर केलेले व्हिडिओ मी बघितले, ते सगळे म्हणतात छोटं ठेवा, हटके ठेवा, ब्रँड वाटला पाहिजे. बरोबर आहे ते, पण आपल्याकडं नाव मराठी, कीबोर्ड इंग्रजी अन् फोनची भाषा हिंदी, या तिढ्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे लिहून ठेवतोय.

पहिलं नाव मामानंच सुचवलं, ‘वावर’. आमच्याकडं शेताला वावरच म्हणतात, छोटं आहे, आपलं आहे, मला पण लय आवडलं. मग मी एक साधी परीक्षा घेतली जी पुढं प्रत्येक नावाला लावली. ओळखीच्या लोकांना फोन लावायचा, नाव एकदाच बोलायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, अन् म्हणायचं की हे इंग्रजी अक्षरात लिहून मला व्हॉट्सॲप कर. यात माणसं निवडून घेतली, म्हणजे एक कृषी केंद्रवाला, एक कॉलेजचा पोरगा, एक अंगणवाडीवाली ताई, एक साठीचे काका, एक यवतमाळात राहणारा अन् एक पुण्याला गेलेला. वावरचे जे मेसेज आले ते असे: vavar, wawar, vawar, waavar, अन् एका फोननं तर स्वतःच दुरुस्त करून waver पाठवलं. आता शेतकऱ्याच्या चॅनेलला वेव्हर, अन् कर्जमाफीचा इंग्रजी शब्द waiver पण ऐकायला तसाच, म्हणजे कर्जमाफीच्या बातम्यांच्या शेजारीच जाऊन बसलो असतो.

या परीक्षेतून एक गोष्ट कळते की मराठी नावात कोणती अक्षरं डोकेदुखी आहेत. ‘व’ आला की v का w हा झगडा, अन् दोन ‘व’ आले की झगडा चौपट. ‘श’ आला की sh का s. ‘ळ’ आला की l लिहितात अन् वाचणारा ‘ल’ वाचतो. दीर्घ ई-ऊ आली की i का ee, u का oo. ‘आ’ला एक a का दोन. याउलट म, न, ब, ग, ज, द, र, क यांचं एकच स्पेलिंग असतं, त्यात कोणी चुकत नाही. मी पुढं नाव ऐकलं की आधी मनातल्या मनात ही अक्षरं मोजायला लागलो. मामा म्हणे, ‘‘अबे तू नाव ठेवून रायला का गुण जुळवून रायला?’’

पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, हे दुसरं. कापूस म्हटलं की पराटी आलीच, अन् मामाचं अर्धं बोलणं त्यावरच असतं. पण हे नाव रोमनमध्ये तर फसतंच, देवनागरीतही फसतं. कोणी पराटी लिहितं, कोणी पऱ्हाटी, कोणी पर्हाटी. त्यातही ‘ऱ्ह’ मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन वेगवेगळ्या पद्धतीनं टाइप होतो, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण आतमध्ये अक्षरांचे कोड वेगळे असतात. म्हणजे मी एका पद्धतीनं नाव टाकलं अन् शोधणाऱ्याच्या कीबोर्डनं दुसऱ्या पद्धतीनं टाकलं तर सर्चनं ते एकच समजावं ही आपण नुसती आशा करायची. समजेलही, पण चॅनेलचं नाव असं आशेवर कायले ठेवायचं. तेव्हापासून ऱ्य, ऱ्ह असलेलं नाव घ्यायचंच नाही असं ठरवलं.

मग ‘सरकी’. हे तर मला फुल पास वाटलं होतं. स, र, क, स्पेलिंगला सरळ, फोनच्या परीक्षेत जवळजवळ सगळ्यांनी sarki लिहिलं. पण स्पेलिंग सोपं असणं अन् सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सरकीनं शिकवलं. यूट्यूबवर Sarki टाकलं तर नायजेरियाचे व्हिडिओ, कारण तिकडच्या हौसा भाषेत सरकी म्हणजे राजा किंवा प्रमुख, तिथं कितीतरी लोकांच्या नावात अन् पदवीत तो शब्द आहे. त्याच्या खाली नेपाळ, कारण नेपाळात सार्की हे एका जातीचं नाव अन् आडनाव आहे. म्हणजे एक तर या गर्दीत आपण कधीच वर येणार नाही, अन् दुसरं म्हणजे दुसऱ्या देशातल्या एका समाजाचं नाव आपण गमतीनं चॅनेलला लावल्यासारखं होतं. मामाला हे सांगितलं तर तो किती वेळ हसला, ‘‘आपली सरकी नायजेरियात राजा हाय अन् इथं ढेप करून रायले तिची.’’

हे बघताना एक काळजी घ्यावी लागते. आपल्याच खात्यातून, आपल्याच फोनवर शोधलं तर यूट्यूब आपण आधी काय पाहिलं त्यानुसार निकाल दाखवतं, मला शेतीचे व्हिडिओ आधी दिसणारच. म्हणून यूट्यूब ॲपमध्ये इनकॉग्निटो चालू करून बघायचं, अन् दुकानात आलेल्या माणसाचा फोन मागून त्यावर पण बघायचं. मग एकदा साधं सर्च, एकदा फिल्टरमध्ये जाऊन टाइपमध्ये फक्त चॅनेल निवडून सर्च. पहिल्यात कळतं की त्या शब्दाखाली कोणत्या विषयाची गर्दी आहे, दुसऱ्यात कळतं की त्या नावाचे चॅनेल किती आहेत अन् त्यातले जिवंत किती. अन् पूर्ण शब्द टाइप करायच्या आधी पहिली तीन-चार अक्षरं टाकून थांबायचं, खाली काय सुचवलं जातं ते बघायचं, कारण समोरचा माणूस बहुतेक वेळा पूर्ण टाइप करत नाही, खालचं सुचवलेलं दाबून मोकळा होतो.

गोठाण त्या सुचवण्यातच गेलं. गावातली ढोरं जिथं जमतात ती जागा, बोलायच्या चॅनेलला छान नाव. पण Gotha पर्यंत आलं की फोन पुढं Gotham करतो, म्हणजे बॅटमॅनचं शहर. पूर्ण Gothan टाकलं तर छत्तीसगडच्या सरकारी गौठानचे व्हिडिओ, तिथं 2020 मध्ये गोधन न्याय योजना आली होती अन् शेण खरेदी गौठानातच व्हायची, त्यामुळं त्याचा ढीग पडलेला. ‘बोंड’ला तर मी परीक्षेलाच बसवलं नाही, Bond लिहिलं की तो जेम्स येतो अन् त्याच्यापुढं आपली गुलाबी अळी काय टिकणार.

सातबारावर मात्र घरात खरं भांडण झालं. माझ्या मावसभावाचं म्हणणं असं की लोकं रोज सातबारा शोधतात, मग नावच सातबारा ठेवलं तर आयतं गिऱ्हाईक. ऐकायला पटतं. पण सातबारा शोधणाऱ्या माणसाला सातबारा पाहिजे असतो, मामा नाही. तो महाभूलेखची साइट शोधत असतो, त्याला उतारा काढून पाहिजे, तो आपल्या व्हिडिओवर आला तरी दहा सेकंदात निघून जाणार. शिवाय यूट्यूबच्या हँडलमध्ये, म्हणजे @ लावून येतं त्या नावात, 7/12 मधली तिरकी रेघ चालतच नाही, मग 712, saatbara, satbara, 7-12 असे पुन्हा फाटे. अन् सगळ्यात वाईट म्हणजे नाव सरकारी वाटतं. माझ्या दुकानात बसून मी रोज बघतो, सरकारी वाटणाऱ्या पानावर लोकं आधार नंबर टाकायला एका पायावर तयार असतात. आपल्या चॅनेलवर येऊन कोणी कमेंटमध्ये गट नंबर अन् मोबाइल टाकून उतारा मागेल, तो ताप नको. ‘कृषी’ अन् ‘विदर्भ’ असे दोन मोठे शब्द जोडून केलेली नावं पण याच कारणानं सोडली, ती एखाद्या खात्याची किंवा विद्यापीठाची वाटतात, अन् त्यात आपलं असं काहीच नसतं.

या भांडणातूनच आमचं डोकं साफ झालं. नवीन माणूस चॅनेलचं नाव शोधत येतच नाही, त्याला नाव माहीतच नसतं. तो शोधतो ‘कापसावर लाल्या’, ‘तुरीचे शेंडे कधी खुडायचे’, ‘कामगंध सापळे एकरी किती’. हे शब्द व्हिडिओच्या टायटलमध्ये पाहिजे. चॅनेलचं नाव लागतं दुसऱ्या वेळेला, जेव्हा बाजारात कोणी सांगतो की तो मामा पाय लेका, बरोबर सांगते तो, अन् ऐकणारा घरी जाऊन शोधतो. म्हणजे नावाचं काम एवढंच की तोंडातून कानात जाऊन तिथून बोटात बिनचूक उतरलं पाहिजे अन् शोधल्यावर आपणच पहिले दिसलो पाहिजे. विषय सांगायचं ओझं नावावर टाकलं की ते लांब होतं अन् दुसऱ्या पन्नास नावांसारखं होतं.

पॉडकास्टच्या बाजूनं पण हेच बरोबर पडतं. काही लोक शोचं नाव ‘अमुक तमुक, कापूस तूर सोयाबीन शेती माहिती मराठी’ असं मालगाडीसारखं ठेवतात. ॲपल पॉडकास्टच्या नियमात स्पष्ट आहे की टायटलमध्ये असे सर्चचे शब्द कोंबले तर शो नाकारला जाऊ शकतो किंवा काढला जाऊ शकतो. विषयाचे शब्द भागाच्या नावात अन् माहितीत टाकायचे, शोच्या नावात नाही. अन् पॉडकास्टमध्ये एक फरक लक्षात ठेवायचा, तिथं नाव एकमेव असायची अट नसते. एकाच नावाचे दोन-तीन शो सुखानं नांदतात, कोणी अडवत नाही, म्हणून ‘सिस्टीमनं घेतलं म्हणजे नाव मोकळं होतं’ असं समजू नका. स्पॉटिफाय अन् ॲपल दोन्हीकडं स्वतः शोधून बघावं लागतं. यूट्यूबवर पण चॅनेलचं नाव दोघांचं सारखं असू शकतं, एकमेव असतं ते फक्त हँडल.

आता धुरा मामावर येतो. मामा दुपारी जेवण झालं की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निंबाखाली बसतो अन् जाणारा-येणारा तिथं थांबतो, तर मामी म्हणाली नावच ‘धुऱ्यावरचा मामा’ ठेवा. ऐकायला एक नंबर, पण त्यात ऱ्य आहे, व आहे, च आहे अन् रोमनमध्ये dhuryavarcha लिहायला कोणाच्या बापाला जमणार. मी ते छाटून ‘धुरा मामा’ केलं. मामीला पटलं नाही, म्हणे हे काय धुरा मामा, धुराचा मामा का धुऱ्याचा. पण चॅनेलचं नाव व्याकरणात बसलंच पाहिजे असं नाही, अन् थोडं वाकडं असलं तर उलट लक्षात राहतं.

फोनच्या परीक्षेत बहुतेकांनी dhura mama लिहिलं. एक-दोघांनी dura, एकानं dhoora. मामा तर कोणीच चुकवलं नाही, दोन म अन् दोन आ, चुकायला जागाच नाही. म्हणजे पहिला शब्द थोडा चुकला तरी दुसरा शब्द सावरून धरतो, हा दोन शब्दांच्या नावाचा फायदा मला आधी सुचला नव्हता.

नुसतं ‘धुरा’ ठेवलं असतं तर मेलो असतो. देवनागरीत धुरा टाकलं की ‘पक्षाची धुरा कोणाकडे’ अशा राजकारणाच्या बातम्या, अन् तेवढं टाकून थांबलं तर खाली ‘धुराचे लोट’ म्हणजे आगीच्या बातम्या. रोमनमध्ये Dhura टाकलं की उत्तराखंडातली ट्रेकिंगची ठिकाणं, तिकडं उंटा धुरा नावाची एक घाट-खिंड आहे अन् त्या कुमाऊँच्या भागात बऱ्याच जागांच्या नावाला धुरा लागतं. नुसतं मामा टाकलं तर काही बोलायलाच नको, भाच्यांची गाणी अन् पोरांचे कार्टून. पण दोन्ही एकत्र, म्हणजे गूगलवर "Dhura Mama" असं दुहेरी अवतरणात टाकून तेच्या तेच शब्द शोधले, तर कामाचं काहीच सापडलं नाही. दोन गर्दीचे शब्द अन् मधली जागा रिकामी. नाव शोधताना मी अख्खा नवीन शब्द शोधत बसलो होतो, पण मोकळी जागा बऱ्याचदा दोन जुन्या शब्दांच्या मध्ये सापडते.

माइकची परीक्षा जरा अवघड गेली. फोन मराठीत असला तर ‘धुरा मामा’ बरोबर येतं. फोन हिंदीत असला, अन् आमच्याकडं निम्म्यांचे फोन हिंदीतच असतात, तर एका फोननं ‘अधूरा मामा’ ऐकलं. हळू बोललं तर बरोबर ऐकायचा, पण लोकं माइकवर हळू बोलत नाहीत, ओरडतात. यावर मी विचार केला की नाव सोडायचं का. नाही सोडलं, कारण ‘अधूरा मामा’ या शब्दांवर पण दुसरं कोणी बसलेलं नव्हतं, अन् असं चुकीचं रूप एकच असेल अन् आपल्याला माहीत असेल तर त्याचा बंदोबस्त करता येतो. वावरसारखी चार-पाच रूपं असती तर कुठं कुठं धावणार.

मग हँडल. यूट्यूबचं हँडल तीन ते तीस अक्षरांचं असतं, त्यात अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ अन् खालची रेघ चालते, लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नाहीत. देवनागरीतही हँडल घेता येतं, अन् मावसभाऊ त्यावर अडून बसला होता की मराठी माणूस, मराठी हँडल. भावना बरोबर, पण मी त्याला ब्राउजरमधून तशी लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकून दाखवली. देवनागरीचं प्रत्येक अक्षर अन् प्रत्येक मात्रा लिंकमध्ये नऊ चिन्हांची होते. ‘धुरामामा’ मध्ये चार अक्षरं अन् चार मात्रा, म्हणजे बहात्तर चिन्हं, अन् त्यातलं नुसतं ‘धु’ असं दिसतं:

```
%E0%A4%A7%E0%A5%81
```

हे बघून मामा म्हणे, ‘‘हे तं औषधाच्या डब्यावरचा ब्याच नंबर वाटते.’’ अन् अशी लिंक कोणी फॉरवर्ड करताना अर्धी तुटली की संपलं. म्हणून हँडल रोमनमध्ये @dhuramama अन् चॅनेलचं दिसणारं नाव ‘धुरा मामा Dhura Mama’ असं दोन्ही लिपीत ठेवलं. देवनागरीत शोधणारा अन् रोमनमध्ये शोधणारा दोघांनाही नावातच धागा मिळतो. पॉडकास्टला पण हेच.

हँडल मोकळं आहे का हे बघायला लोक youtube.com/@ पुढं नाव टाकून उघडतात अन् पान नाही म्हटलं की खुश होतात. ते पुरेसं नाही. पान दिसत नसलं तरी ते हँडल कोणासाठी राखून ठेवलेलं असू शकतं. खरं उत्तर फक्त आपल्या खात्यात हँडल बदलायच्या चौकटीत टाइप केल्यावर मिळतं, घेतलेलं असेल तर तिथंच सांगतं अन् शेपटाला आकडे लावून दुसरं सुचवतं. ते आकडेवालं घेऊ नका. dhuramama4821 हे बाजारात तोंडी सांगून बघा एकदा. खालच्या रेघेचं पण तेच, मामा तिला ‘खालची दांडी’ म्हणतो, ऐकणाऱ्यानं ती दांडी कुठं मारायची. आमचं नशीब की यूट्यूबवर सरळ मिळालं. इन्स्टावर मात्र तेच नाव कोणीतरी घेऊन झोपलेलं होतं, एक फोटो नाही की काही नाही. तिथं मधी टिंब देऊन dhura.mama घेतलं. इन्स्टा आमच्यासाठी दुय्यम आहे म्हणून चाललं, यूट्यूबवर असं झालं असतं तर मी नावच बदललं असतं.

आपलं नाव दुसऱ्याच्या नावाशी भिडतं का हे बघायचा दुसरा भाग म्हणजे ट्रेडमार्क, अन् शेतीच्या चॅनेलवाल्यांनी तर हा बघितलाच पाहिजे. ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचं पब्लिक सर्च फुकट आहे. तिथं माल अन् सेवांचे 45 वर्ग केलेले आहेत. मनोरंजन, शिक्षण, असे कार्यक्रम 41 मध्ये येतात, म्हणून सगळे सांगतात की 41 बघा. पण शेतीवर बोलणाऱ्यानं 31 म्हणजे बियाणं, 5 म्हणजे कीटकनाशकं अन् 1 म्हणजे खतं हेही बघावं. आमच्या यादीतलं एक नाव, ते इथं लिहीत नाही, 41 मध्ये कोणाचंच नव्हतं पण 31 मध्ये एका बियाणं कंपनीचं निघालं. कायद्यानं वर्ग वेगळा म्हणून कदाचित चाललंही असतं, पण ऐकणाऱ्याला काय वाटणार? मामा एखादं बियाणं चांगलं नाही म्हणाला अन् चॅनेलचं नाव दुसऱ्या बियाण्याचं, म्हणजे कंपनीनं पैसे दिले असंच गाव बोलणार. ते नाव त्याच दिवशी कापलं.

त्या सर्चमध्ये वर्डमार्कशिवाय फोनेटिक असाही प्रकार आहे, म्हणजे ऐकायला सारखी वाटणारी नावं, तो मराठी नावासाठी जास्त कामाचा कारण स्पेलिंग कसंही असू शकतं. वर्डमार्कमध्ये शोधताना ‘कंटेन्स’ निवडायचं, म्हणजे नाव मोठ्या नावाच्या पोटात असलं तरी सापडतं, अन् dhura, dhoora, dura अशी रूपं एकेक करून टाकायची. निकालात नुसतं नाव दिसलं म्हणून घाबरायचं नाही, पुढचं स्टेटस वाचायचं, रजिस्टर्ड वेगळं, ऑब्जेक्टेड वेगळं, अबँडन्ड म्हणजे सोडून दिलेलं. अन् यादीत नाही म्हणजे कोणाचाच हक्क नाही असंही नाही, कोणी नोंदणी न करता वर्षानुवर्षं ते नाव वापरून ओळख कमावली असेल तर तोही भांडू शकतो, म्हणून यूट्यूबचं सर्च अन् ट्रेडमार्कचं सर्च दोन्ही लागतात. आम्ही नोंदणी अजून केली नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचे 4500 रुपये सरकारी फी आहे, वरून वकील वेगळा. पुढं कमाई झाली तर बघू. एक मात्र आहे, ‘कापूस माहिती’ सारखं वर्णनाचं नाव असतं तर नोंदणीच कठीण गेली असती, कारण धंद्याचं नुसतं वर्णन करणारा शब्द एकट्याला मिळत नाही. धुरा मामाला ती अडचण नाही.

नाव नंतर बदलू, आत्ता काहीतरी ठेवून टाकू, हे मावसभाऊ शेवटपर्यंत म्हणत होता. बदलता येतं, यूट्यूब चौदा दिवसात दोन वेळा नाव अन् हँडल बदलू देतं. पण जुनं हँडल चौदा दिवसच आपल्यासाठी धरून ठेवतात, मग ते दुसऱ्याला मिळू शकतं, अन् तोवर कृषी केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेला कागद अन् गावातल्या ग्रुपमधल्या लिंका तशाच राहतात. आपलं जुनं नाव दुसऱ्यानं घेऊन त्यावर काय टाकावं याचा भरवसा नाही.

‘अधूरा’चा बंदोबस्त असा केला. यूट्यूब स्टुडिओत सेटिंगमध्ये चॅनेल, तिथं बेसिक इन्फोमध्ये कीवर्डची चौकट असते, तिथं dhoora mama, dura mama, अधूरा मामा ही रूपं टाकली, अन् प्रत्येक व्हिडिओच्या टॅगमध्येही टाकतो. टॅगबद्दल यूट्यूब स्वतःच म्हणतं की त्यांचा सर्चवर फार कमी परिणाम होतो, फक्त लोक नेहमी चुकीचं लिहितात अशा शब्दांसाठी ते उपयोगी आहेत. आपलं काम नेमकं तेच. ही रूपं व्हिडिओखालच्या माहितीत ओळीनं लिहू नका, तिथं टॅग कोंबणं नियमात बसत नाही.

सुरुवातीचे काही दिवस dhura mama टाकलं तरी आम्ही वर दिसत नव्हतो, ट्रेकिंगवालेच दिसायचे. व्हिडिओ वाढले, लोक नावानं शोधून आमच्यावर दाबायला लागले तसं वर आलो. आता स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडून यूट्यूब सर्चवर दाबलं की लोकांनी नेमके काय शब्द टाकले ते दिसतं, मी अधूनमधून बघतो. dhura mama आहे, mama dhura आहे, ‘अधूरा मामा’ पण आहे, म्हणजे ते हिंदी फोन खरंच तसं ऐकतात. अन् या सगळ्यांच्या वर ‘कापूस वाले मामा’ आहे, जे आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं. मावसभाऊ म्हणतो पब्लिकनंच नाव दिलं, बदलून टाक. मी शोधून बघितलं तर कापूसवाले काका, कापूसवाले दादा, भाऊ, सगळे आधीच बसलेले आहेत. म्हणून तेही फक्त कीवर्डच्या चौकटीत टाकलं अन् नाव आहे तेच ठेवलं. मामाला विचारलं तर म्हणे, ‘‘औंदा तूर बी हाय आपली, मंग तिचे वाले कोण?’’